काथ्याचा भुसा आणि केळीचा खांब

मुंबईच्या बाजारात नारळ येतो तो सोललेला, डोक्यावर शेंडी तेवढी ठेवून. त्याचे सोडण कोकणात, केरळात किंवा तमिळनाडूतच राहते. त्यामुळे अंधेरी किंवा मुलुंडच्या घरात रोज नारळ फुटत असला, तरी कोकोपीटसाठी लागणारा कच्चा माल त्या घरात कधी तयार होत नाही. सोडणातून काथ्या वेगळा करताना धाग्यांना चिकटलेला तपकिरी, स्पंजासारखा चुरा झडतो. तो काथ्याचा भुसा, आणि व्यापारी नाव कोकोपीट. सोडणाच्या वजनात धागा साधारण तीस टक्के आणि बाकी जवळजवळ सगळा भुसाच असतो. म्हणजे एक किलो काथ्या काढला की दोन किलोंहून जास्त भुसा मागे राहतो. पूर्वी दोर, पायपुसणी आणि गाद्या बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा निव्वळ उकिरडा होता. कारखान्यांशेजारी त्याचे डोंगर साचत आणि पावसात त्यांतून तांबूस पाणी झिरपत राही. तो भुसा दाबून ठोकळे करायला सुरुवात झाल्यावर त्याला बाजार मिळाला. मुंबईच्या रोपवाटिकांत दिसणारे बहुतेक ठोकळे तमिळनाडूतल्या पोल्लाची परिसरातून आणि केरळातून येतात.

भुशाची खुबी त्याच्या रचनेत आहे. त्याच्या कणांत असंख्य पोकळ्या असतात आणि तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सहा ते आठपट पाणी धरतो. त्यात लिग्निन भरपूर असते. हा लाकडाला कठीणपणा देणारा घटक सूक्ष्मजीवांना सहजी पचत नाही. म्हणूनच पालापाचोळा काही महिन्यांत विरतो, पण कोकोपीट कुंडीत दोन-तीन वर्षे आपला आकार राखते. मातीसारखे ते आवळून बसत नाही, त्यामुळे मुळांना हवा मिळत राहते. हे सगळे खरे असले तरी त्यात अन्न जवळजवळ नाही. एकट्या कोकोपीटमध्ये लावलेले रोप पहिल्या काही आठवड्यांत बीजातली शिदोरी संपवते आणि मग पिवळे पडते. दुकानदाराने ‘ही तर मातीच आहे’ असे सांगितले तर ते ऐकू नये.

खरी अडचण मात्र मिठाची असते. नारळाची झाडे किनाऱ्याजवळ वाढतात, त्यांच्या सोडणात मुळातच सोडियम आणि पोटॅशियम बरेच असते, आणि सोडण खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवलेले असेल तर त्यात आणखी भर पडते. चांगला कारखाना भुसा गोड्या पाण्याने धुऊन मग दाबतो, स्वस्तातला तसे करत नाही, आणि ठोकळ्याकडे नुसते पाहून हा फरक कळत नाही. पाण्याला येणाऱ्या तांबूस रंगावरून तर मुळीच कळत नाही. तो रंग टॅनिनचा असतो. धुऊन धुऊन पाणी फिके झाले म्हणजे मीठ गेले, असे समजून पुष्कळजण फसतात.

ओळखायचा सोपा मार्ग उपनगरातल्या बहुतेक घरांत आधीच असतो. पाण्याचे शुद्धीकरण यंत्र घेताना टीडीएस मोजणारे पेन बऱ्याच जणांनी घेतलेले असते. फुगवलेले ओले कोकोपीट एक वाटी, त्यात दीड वाटी नळाचे पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचे आणि फडक्यातून गाळून पेन बुडवायचे. येणाऱ्या आकड्यातून नळाच्या पाण्याचा आकडा वजा करायचा. उरलेला आकडा अडीचशे-तीनशेच्या आत असेल तर माल ठीक आहे, पाचशेच्या वर गेला तर बियाणे पेरण्याआधी धुवायलाच हवे. पेन नसेल तर मेथी कामी येते. एका भांड्यात शंकास्पद कोकोपीट, दुसऱ्यात ओला कापूस, दोन्हींत सारखे दाणे टाकायचे. तीन-चार दिवसांत कापसावरची मेथी फुटून मुळे लांब झाली आणि कोकोपीटमधली उगवून टोकाला तपकिरी, खुंटलेली राहिली, तर दोष मिठाचा.

एक ठोकळा डोळ्यांसमोर ठेवून हे काम पाहू. मुलुंडच्या एखाद्या बाल्कनीत पाच किलोचा ठोकळा आणला. तो फुगवायला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते आणि फुगून तो सत्तर लिटरांच्या आसपास भरतो, म्हणजे मोठ्या टबाइतका. त्यामुळे तो एकाच बादलीत फुगवू नये. ठोकळा फोडून दोन-तीन भाग करणे बरे. फुगलेले कोकोपीट गोणपाटाच्या पिशवीत भरून तिच्यावर पाणी ओतायचे, निथळू द्यायचे आणि हे दोन-तीनदा करायचे. मीठ मोकळे असेल तर एवढ्याने आकडा खाली येतो. पण सोडियम आणि पोटॅशियमचा एक भाग भुशाच्या कणांना चिकटलेला असतो आणि तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. त्याची जागा घेणारे दुसरे काही द्यावे लागते. त्यासाठी कॅल्शियम नायट्रेट वापरतात: एका लिटरला पाच ते दहा ग्रॅम विरघळवून त्यात कोकोपीट एक रात्र भिजवायचे, मग निथळून साध्या पाण्याने एकदा धुवायचे. कॅल्शियम कणांना चिकटते आणि सोडियम पाण्याबरोबर बाहेर पडते.

या पायरीचे महत्त्व मुंबईत जास्त आहे, आणि ते बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. पालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या तलावांतून आणि काही अंशी विहार व तुळशीतून येते. या पाण्यात क्षार कमी असतात, म्हणजे मीठ धुण्यासाठी ते उत्तम. पण त्यात कॅल्शियमही कमी असते. त्यामुळे कोकोपीटमध्ये लावलेला टोमॅटो पाने हिरवीगार राखतो, फळे धरतो आणि मग फळाच्या खालच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. लोक त्याला बुरशी समजून औषध मारतात. तो कॅल्शियमचा तुटवडा असतो, आणि त्यात पाणी कधी जास्त, कधी कमी दिले गेले की अधिकच वाढतो. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत मात्र उलटे होते. तिथे पाण्यातलेच क्षार कुंडीत साचत जातात आणि काही महिन्यांनी पृष्ठभागावर पांढरी साय दिसू लागते. तिथे दर दोन-तीन आठवड्यांनी कुंडीतून भरपूर पाणी वाहून जाऊ द्यावे लागते.

गच्चीवर बाग करणाऱ्यांमध्ये कोकोपीटला पसंती असते ती हलकेपणामुळे. हलकेपणा खरा आहे, पण कोरडे असेपर्यंत. कोरड्या कोकोपीटचे लिटर शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर भरते; पूर्ण भिजले की तेच आठशे-नऊशे ग्रॅम होते. ओल्या मातीचे लिटर दीड किलोच्या पुढे जाते हे खरे, तरी जून ते सप्टेंबर मुंबईत जो पाऊस कोसळतो, त्यात गच्चीवरच्या पन्नास टबांचे वजन कोरडेपणी मोजून हिशोब करणे धोक्याचे. पावसाळ्यात आणखी एक होते. एरवी पाणी धरून ठेवण्याचा गुणच अंगाशी येतो, मुळे गुदमरतात आणि पाने टवटवीत दिसत असतानाच बुंध्याशी काळी होतात. म्हणून उन्हाळ्याच्या कुंडीत निम्म्यापर्यंत कोकोपीट चालते, तर पावसाळ्यात ते तिसऱ्या हिश्श्यावर आणून बाकीत कंपोस्ट, माती आणि विटांचे बारीक तुकडे घालणे सोयीचे. मे महिन्यात पूर्ण सुकलेले कोकोपीट मात्र पाणी झिडकारते, आणि वरून ओतलेले पाणी कडेने खाली निघून जाते. कुंडी परातभर पाण्यात ठेवून खालून भिजवली की ते पुन्हा पाणी घेऊ लागते.

शहाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर शहाळेवाल्याच्या मागे जो ढीग साचतो, तोही नारळाचाच कचरा, पण त्यातून घरच्या घरी कोकोपीट निघत नाही. कोवळ्या सोडणात पाणीच फार असते, धागा आखूड असतो आणि चुरा सहज वेगळा पडत नाही. अख्खे शहाळे तसेच टाकले तर आत पाणी साचते आणि डास होतात. दोन-चार इंचांचे तुकडे करून वाळवले तर ते कुंडीच्या तळाशी निचऱ्याच्या थरासारखे वापरता येतात. ऑर्किडच्या मुळांनाही ते आवडतात. एवढाच त्याचा घरगुती उपयोग. यंत्राने चिरडून ओल्या कचऱ्यात मिसळले तर खत होते, पण त्याला महिने लागतात.

केळीचे खोड भुशाच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. ज्याला खोड म्हणतात ते खरे खोड नसून एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा, म्हणजे सोपटांचा, गुंडाळा असतो. मधोमध पांढरा गाभा असतो आणि फुलाचा दांडा त्यातूनच वर येतो. भुसा कोरडा आणि लिग्निनने भरलेला, तर केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांच्या पुढे पाणी. सोपटाची पट्टी आडवी मोडली की आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या हवेच्या खोल्या दिसतात आणि बोटांना चिकट, पाण्यासारखा रस लागतो. हा रस कपड्यावर पडला तर वाळल्यावर तपकिरी-काळा डाग पडतो आणि तो जात नाही. बोरिवलीच्या बाजारात खांब विकणाऱ्याच्या सदऱ्यावर ते डाग कायमचे असतात.

उपनगरांत हा कचरा येतो तो सत्यनारायणाच्या पूजेतून, लग्नाच्या मांडवातून आणि गणपतीच्या दिवसांत. वसई-पालघर पट्टा मुंबईला जवळचा. वसईची राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी एकेकाळी प्रसिद्ध होती, पण आता तिथल्या बागा घटल्या आहेत. पूजेचे खांब बहुधा कोवळे, हाताच्या मनगटाएवढे किंवा थोडे जाड असतात. धाग्याच्या दृष्टीने ते निकृष्ट. घड उतरवलेल्या पक्व झाडाच्या सोपटांतच चांगला धागा तयार झालेला असतो. पालिका गणेशोत्सवात निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करते, त्यात हे खांब जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांतून धागा काढायचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

धागा काढण्याची रीत समजली की हे का, ते स्पष्ट होते. माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. 1924 साली ती तंत्रज्ञान प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि आज सिरकॉट या नावाने ओळखली जाते. तिथे कापसाबरोबरच केळीच्या धाग्यावरही काम झाले आहे. शेतावर वापरतात ते यंत्र साधे असते. एक फिरणारा ढोल आणि त्याच्यावर बोथट पात्या. सोपट सोलून दोन-चार फुटांच्या पट्ट्या करायच्या, एक टोक हातात धरून पट्टी अर्ध्यापर्यंत आत घालायची, पात्या मांसल भाग खरवडून काढतात, मग पट्टी ओढून घ्यायची आणि उलटी करून दुसरी बाजू घालायची. हातात उरतो तो ओला, फिकट पिवळा धागा. तो लगेच धुवायचा, पिळायचा आणि सावलीत वाळवायचा. पक्व खोडाच्या बाहेरच्या सोपटांचा धागा राठ आणि दोरीलायक, मधल्यांचा उत्तम, आणि अगदी आतल्यांचा रेशमी पण कच्चा.

वजनाचा हिशोब मात्र कडक आहे. ओल्या खोडाच्या जेमतेम एक टक्का कोरडा धागा मिळतो. घड उतरलेले तीस किलोंचे खोड घेतले तर हाती तीनशे ग्रॅम. एका यंत्रावर दिवसाला दहा-पंधरा किलो धागा निघायला हजार ते दीड हजार किलो ओले खोड यंत्रापर्यंत आणावे लागते, आणि तेही कापल्यापासून एक-दोन दिवसांत, कारण उशीर झाला की रस ऑक्सिजनने काळा पडून धाग्यावर डाग राहतो. पाण्याने भरलेले हे ओझे शंभर किलोमीटर ट्रकने न्यायचे म्हणजे बहुतांशी पाण्याचेच भाडे भरायचे. म्हणून हा धंदा बागेच्या बांधावरच जमतो. महाराष्ट्रात त्याची खरी जागा जळगाव जिल्हा, त्यातही रावेर आणि यावल. जळगाव केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथे घड उतरल्यावर एका हेक्टरला साठ-सत्तर टन खोड शेतात उभे राहते.

तेवढे सगळे खोड वाया जाते असे समजणे चुकीचे. शेतकरी घड काढल्यावर खोड लगेच तोडत नाहीत, कारण त्यातले अन्न आणि पाणी काही आठवडे मुळाशी असलेल्या पिलाकडे, म्हणजे खोडव्याकडे उतरते. पूर्ण तोडून नेले तर शेतातून बरेच पोटॅशही बाहेर जाते आणि ते विकतच्या खताने भरून काढावे लागते. दुसऱ्या बाजूला, आडवे पडलेले ओले खोड पोखरणाऱ्या सोंड्याला घर देते. भोके पाडून त्यात राहणारी ही कीड मग शेजारच्या उभ्या झाडांत शिरते. म्हणून धागा काढणे आणि चोथा, रस परत शेतात घालणे हा मधला मार्ग जास्त शहाणपणाचा. नवसारी कृषी विद्यापीठाने या दिशेने केलेल्या कामात खोडाचा रस द्रवखत म्हणून, चोथा गांडूळखतासाठी आणि गाभा खाद्यपदार्थ म्हणून वापरला आहे. एकट्या धाग्यावर यंत्राचे भाडे आणि मजुरी सुटणे कठीण, चारही गोष्टी विकल्या तरच गणित बसते.

हस्तकलेत मात्र थोड्याशा धाग्याचेही मोल होते. माटुंग्याच्या बाजारात दक्षिणी पद्धतीची वेणी आणि हार ज्या फिकट पट्टीने बांधले जातात, ती केळीच्या सोपटाची वाळलेली पट्टी. वापरण्याआधी ती पाण्यात भिजवतात आणि ओली असताना गाठ मारतात, वाळल्यावर गाठ आवळते. हाताने करून पाहायचे असेल तर पक्व सोपटाची हातभर पट्टी लाकडी पाटावर ठेवून चमच्याच्या किंवा बोथट सुरीच्या कडेने लांबीच्या दिशेने दाबून खरवडावी. धार असेल तर धागा तुटतो. मांसल भाग निघून गेला की पट्टीचे जाळे उरते, ते धुऊन वाळवावे. वाळलेला धागा तपकिरी झाला तर उशीर झाला होता, आणि ओढताना कटकन तुटला तर तो कडक उन्हात वाळला किंवा पाण्यात फार दिवस राहिला. पिशव्या, चटया, दिव्यांच्या शेड यांसाठी हा धागा वापरतात, पण मुंबईच्या दमट हवेत त्यावर बुरशी लवकर धरते, तेव्हा ओलाव्यात ठेवायच्या वस्तूंपेक्षा भिंतीवरच्या वस्तू त्याला बऱ्या. फिलिपिन्समधला अबाका हाही केळीच्याच कुळातला धागा, पण तो वेगळ्या, ज्याची फळे खात नाहीत अशा झाडाचा आहे आणि त्याची ताकद कितीतरी जास्त. जळगावच्या केळीकडून तीच अपेक्षा करणे रास्त नाही. काथ्याला मात्र खारे पाणी आणि ओलावा सोसतो, म्हणून दोर, पायपुसणी आणि ब्रश त्याचेच. दोरीचा पीळ जळल्यावरही राहतो, असा ज्याच्याबद्दल दाखला देतात तो सुंभ काथ्याचाच.

गणपतीनंतर सोसायटीत उरलेले खांब आणि जुन्या कुंड्यांतला भुसा यांना एकत्र आणले तर मात्र दोघांची अडचण एकाच वेळी सुटते. नुसता खांब ढिगात टाकला तर तो गळून चिखल होतो, त्यात हवा राहत नाही आणि दोन दिवसांत आंबट घाण वास येतो. नुसता भुसा तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. वीस किलो खांब घेतले, बोटभर जाडीचे तुकडे करून दोन-तीन दिवस छताखाली पसरले, तर वजन दहा किलोंपर्यंत खाली येते. त्यात कोरडा भुसा चार ते पाच किलो मिसळला की ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास बसतो. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये, हीच खूण. वाळवण्याचा कंटाळा केला तर तेवढ्याच खांबाला तेरा किलो भुसा लागेल, म्हणजे पैसे पाण्यात.

नत्र मात्र दोघांतही कमी आहे, ते बाहेरून द्यावे लागते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची भुशाचे खत करण्याची जुनी पद्धत आहे, तीत टनाला पाच किलो युरिया आणि धिंगरी आळिंबीचे बियाणे थरांत घालून एक महिना कुजवतात. लिग्निन मुख्यतः धिंगरीसारखी बुरशीच फोडते. या पद्धतीत कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण शंभरास एक याच्या वरून चोवीसास एकापर्यंत उतरते. वर सांगितलेल्या पंधरा किलो मिश्रणाला त्या प्रमाणात पंच्याहत्तर ग्रॅम युरिया पुरतो. युरिया नको असेल तर दोन बादल्या ओला स्वयंपाकघरातला कचरा किंवा शेण चालते. आठवड्यातून एकदा उलटायचे. ढीग आत हात घातल्यावर गरम लागत नसेल आणि वास ओल्या मातीचा असेल तर तो तयार होत आला. खात्री करायला मेथीचीच परीक्षा घ्यावी. हे खत पोटॅशने भरलेले असते, म्हणून रोपे उगवायला वापरू नये. वांगी, मिरची आणि जास्वंदीच्या कुंडीत चौथा हिस्सा मिसळले तर पुरेसे होते.